‘निकाली’ लिहिण्याआधी

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले बोलणे. सभेला न आलेल्या सदस्यांसाठी लिहून काढले आहे.)



आज मी तुम्हाला आपल्या तक्रार वहीतल्या एका ओळीची गोष्ट सांगणार आहे. ती ओळ मी जवळजवळ बंद केली होती. शेरा लिहून झाला होता, फक्त सही राहिली होती. ज्या मावशींची ही गोष्ट आहे, त्यांनीच मला सांगितलं, “माझं नाव घेऊ नको, पण गोष्ट सांग. दुसरीची वेळ टळेल.” म्हणून नाव आणि गाव सोडून बाकी सगळं सांगते.

आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. गावातली तक्रार सीआरपी ताई वहीत लिहितात, ती माझ्याकडे काम म्हणून येते आणि शुक्रवारी मी प्रत्येक ओळीसमोर शेरा लिहून सही करते. त्या आठवड्यात लाडकी बहीण योजनेच्या नऊ तक्रारी होत्या. त्यातली एक अशी होती: “लाडकी बहिणीचे पैसे आले नाहीत. फॉर्म पुन्हा भरला तरी आले नाहीत.”

पैसे आले नाहीत म्हटलं की आपण दोन गोष्टी बघतो. खात्याला आधार जोडलेलं आहे का, आणि केवायसी झाली आहे का. बाकी आठ जणींचं तेच निघालं होतं. म्हणून नवव्या ओळीसमोरही मी लिहून टाकलं, “आधार जोडणी बँकेत तपासण्यास सांगितले. निकाली.” मग बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, सांगायचं म्हणून फोन केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “बरं पोरी, मग तो एक रुपया परत येईल ना?”

मी म्हटलं, “कसला एक रुपया, मावशी?”

“अगं, फॉर्म भरताना कापतो ना, तो.”

तिथे मी थांबले. कारण लाडकी बहिणीच्या केवायसीला एक रुपयाही लागत नाही. मी त्यांना सांगितलं, “मावशी, फोनमधलं काही पुसू नका, मी अर्ध्या तासात येते.” गाडी काढली आणि गेले.

नेमकं काय झालं होतं

शनिवारी आपल्याच व्हॉट्सॲप गटावर एक मेसेज आला होता. “केवायसीचे शेवटचे दोन दिवस, नाहीतर हप्ता बंद.” खाली लिंक. मावशींनी रविवारी संध्याकाळी ती उघडली. वर सरकारी दिसेल असं चित्र, योजनेचं नाव, सगळं मराठीत. आधी नाव आणि आधार नंबर विचारला. मग मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक. मग एटीएम कार्डाचा समोरचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे. शेवटी लिहून आलं की खातं बरोबर आहे हे तपासण्यासाठी 1 रुपया भरा.

ओटीपी आला. मावशींनी टाकला. पान म्हणालं, “ओटीपी चुकला, पुन्हा टाका.” दुसरा ओटीपी आला, तोही टाकला. मग पान नुसतं गोल फिरत राहिलं आणि “सर्व्हर व्यस्त आहे” असं आलं. मावशींना वाटलं, फॉर्म अर्धवट राहिला. म्हणून सोमवारी त्यांनी सीआरपी ताईंना तक्रार लिहायला सांगितली. म्हणजे बघा, त्यांच्या मनात तक्रार हप्त्याची होती. फसवणुकीची तक्रार त्यांनी केलीच नव्हती, कारण आपण फसलो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी त्यांच्या फोनमधले साधे मेसेज उघडले. व्हॉट्सॲप नाही, ते दुसरे, ज्यात जाहिराती येतात म्हणून आपण कधी बघत नाही. तिथे हे दिसलं:

```
OTP is 482913 for txn of INR 4999.00
```

(ओटीपीचा आकडा मी इथे बदलला आहे.) असे दोन मेसेज होते, आणि त्यांच्या खाली दोनदा 4,999 रुपये कापल्याचे मेसेज. पहिला ओटीपी चुकला नव्हताच. तो बरोबर होता, म्हणूनच पैसे गेले. “चुकला, पुन्हा टाका” असं पानावर दाखवून त्यांनी दुसऱ्या वेळेचे पैसे काढण्यासाठी दुसरा ओटीपी घेतला. पानावर 1 रुपया लिहिलेला होता, पण बँकेच्या मेसेजमध्ये खरी रक्कम होती. मावशींनी मेसेजमधले फक्त सहा आकडे बघितले, पुढची रक्कम बघितली नाही. आपण सगळ्याच असं करतो. ओटीपीच्या मेसेजमध्ये आकड्यासोबत रक्कम लिहिलेली असेल तर आधी रक्कम वाचा, मग आकडा.

खात्यात 13,600 रुपये होते. 9,998 गेले. 3,602 उरले.

या प्रकाराला फिशिंग म्हणतात. गळाला आमिष लावून पाण्यात टाकायचं आणि मासा आपणहून येईल म्हणून बसायचं. इथे आमिष होतं आपला हप्ता.

आधी काय थांबवायचं

मावशी रडायला लागल्या. शेजारच्या दोघी आल्या. कुणी म्हणालं पोलिसात चला, कुणी म्हणालं खातंच बंद करून टाका. अशा वेळी आधी काय करायचं याचा क्रम फार महत्त्वाचा असतो, म्हणून तो सावकाश सांगते.

पहिलं काम कार्ड बंद करायचं. गेलेले पैसे तीन दिवसांपूर्वी गेले होते, पण उरलेले 3,602 अजून खात्यात होते आणि कार्डाचा नंबर त्या लोकांकडे होता. आम्ही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला. हा नंबर कार्डावरूनच किंवा पासबुकावरून घ्यायचा. इंटरनेटवर बँकेच्या नावाने नंबर शोधला तर ठकांनीच टाकलेला नंबर सापडू शकतो, आणि मग आपण चोराकडेच तक्रार करतो. फोनवर कार्ड बंद झालं आणि त्यांनी एक तक्रार क्रमांक दिला. तो आणि घड्याळातली वेळ मी लगेच वहीत लिहिली: 11 वाजून 50 मिनिटं.

खातं मात्र बंद करायचं नाही. याच खात्याला आधार जोडलेलं आहे आणि हप्ता इथेच येतो. खातं बंद केलं की मावशींचा हप्ता खरंच अडकला असता. चोराकडे कार्डाची माहिती गेली होती, म्हणून कार्ड बंद करणं पुरेसं होतं. नवीन कार्ड बँक देते.

दुसरं काम 1930 ला फोन. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. तिथे त्यांनी मोबाइल नंबर, बँकेचं नाव, खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि पैसे कापल्याच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारला. म्हणूनच मी म्हटलं होतं, काही पुसू नका. तो मेसेज पुसला असता तर व्यवहार क्रमांकासाठी बँकेतून खाते उतारा आणावा लागला असता आणि तोपर्यंत संध्याकाळ झाली असती. लाईन दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. लागतच नसेल तर `cybercrime.gov.in` वर थेट तक्रार भरता येते. फोन केल्यावर मेसेजने तक्रार क्रमांक येतो आणि मग त्याच दिवशी त्या संकेतस्थळावर बाकीची माहिती भरून तक्रार पूर्ण करायची. नुसता फोन करून थांबायचं नाही.

1930 ला इतकी घाई का करायची? चोरीचे पैसे एका जागी थांबत नाहीत. या खात्यातून त्या खात्यात, तिथून वॉलेटमध्ये, असे उड्या मारतात आणि शेवटी कुणीतरी रोख काढून घेतं. 1930 वर तक्रार नोंदली की ती त्या त्या बँकांकडे जाते आणि पैसे जिथे सापडतील तिथे रोखून धरले जातात. रोख निघाली की रोखायला काही उरत नाही. म्हणून पहिला तास सर्वात मोलाचा. आमचे तीन दिवस गेले होते. तरी फोन केला, आणि तो का करायचा हे पुढे कळेल.

तिसरं काम बँकेत लेखी अर्ज. दुपारी आम्ही शाखेत गेलो, अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतली. काउंटरवर म्हणाले, “तुम्हीच ओटीपी दिलाय, आम्ही काय करणार?” त्यांचं बोलणं अर्धं खरं होतं, आणि हे अर्धं आपल्याला नीट समजून घ्यायला हवं. रिझर्व्ह बँकेने 2017 साली काढलेल्या परिपत्रकात असं आहे की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची तारीख आणि वेळ ही रेघ आहे. रेघेच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं बँकेचं. आपल्या हातात तक्रार क्रमांक आणि शिक्क्याची प्रत नसेल तर ती रेघ कुठे होती हे दाखवायचं कसं? “आम्ही फोन केला होता” एवढं म्हणून भागत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मावशींच्या फोनवर आणखी एक मेसेज आला. 2,999 रुपयांचा व्यवहार कार्ड बंद असल्यामुळे नाकारला. चोर परत आला होता.

तो मेसेज बघून मावशी मला बाजूला घेऊन गेल्या आणि तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्या समूहाच्या कोषाध्यक्ष आहेत. सहा जणींचे हप्त्याचे प्रत्येकी 400 रुपये फोनवरून त्यांच्या स्वतःच्या खात्यात आले होते, सोमवारी बँकेत भरायचे म्हणून. म्हणजे उरलेल्या 3,602 मध्ये समूहाचे 2,400 होते. ते 2,999 गेले असते तर खात्यात 603 रुपये राहिले असते, आणि मावशींना घरात नवऱ्याला आणि गावात समूहाला तोंड द्यावं लागलं असतं. मी शुक्रवारी “आधार जोडणी तपासा” लिहून सही केली असती, तर त्या सहीच्या आधीच समूहाचे पैसे गेलेले असते. (तेव्हापासून त्या समूहाने ठराव केला आहे की हप्ता कुणाच्याही वैयक्तिक खात्यात घ्यायचा नाही.)

काय करायची गरज नव्हती

घाबरल्यावर सगळं एकदम बंद करावंसं वाटतं. शेजारच्या ताई म्हणाल्या, आधारचा अंगठाही लॉक करून टाका. तसं करता येतं, आधारच्या संकेतस्थळावरून. पण त्या पानाने मावशींचा अंगठा घेतला नव्हता, आणि अंगठा लॉक केला की रेशन दुकानात आणि बँक सखीकडे तो चालत नाही, आधी उघडावा लागतो. म्हणून आम्ही तो लॉक केला नाही. कुठली माहिती गेली हे आधी विचारायचं आणि त्या माहितीचंच दार बंद करायचं. कार्ड गेलं तर कार्ड बंद करा. यूपीआय पिन सांगितला असेल तर पिन बदला आणि बँकेला यूपीआय थांबवायला सांगा.

एक प्रकार वेगळा आहे. लिंकवरून फोनमध्ये ॲप उतरवलं असेल, ज्याच्या फाइलच्या नावात शेवटी `.apk` असतं, तर तो फोनच चोराच्या ताब्यात असू शकतो आणि ओटीपी परस्पर त्याच्याकडे जातो. तेव्हा त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करायचं आणि बँकेला व 1930 ला दुसऱ्याच्या फोनवरून बोलायचं. म्हणून मी मावशींना हा प्रश्न आधीच विचारला होता, “काही डाउनलोड करायला सांगितलं का?” त्यांनी केलं नव्हतं.

तक्रार एकीची, गळ सगळ्यांना

बुधवारी रात्री मला वाटलं, झालं. कार्ड बंद, 1930 झालं, बँकेत अर्ज दिला. आता शेरा लिहायला हरकत नाही. पण वही समोर घेतल्यावर लक्षात आलं की तो मेसेज एकट्या मावशींना आलेला नव्हता. तो गटावर आला होता आणि गटात 34 जणी आहेत. तक्रार फक्त एकीने केली, आणि तीही चुकून.

मेसेज गटावर कुणी टाकला? आपल्याच एका ताईंनी. त्यांना तो भावाकडून आला होता, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून त्यांनी पुढे पाठवला. मी त्यांना फोन केला तेव्हा त्या इतक्या घाबरल्या की म्हणाल्या, “मी आत्ता सगळ्यांसाठी पुसून टाकते.” मी म्हटलं, “ताई, जरा थांबा. आधी फोटो काढू.” मेसेजचा, पाठवल्याच्या तारीख-वेळेसकट, आणि लिंकचा पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. लिंक वहीत अक्षर न अक्षर उतरवली. मग त्यांनी पुसला. पुरावा आधी, पुसणं नंतर. आणि त्यांना दोष द्यायचा नाही. आज त्यांना बोल लावला तर उद्या दुसरी ताई चूक लपवेल, आणि लपवलेल्या चुकीला 1930 सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकेकीला विचारत गेले. इथे विचारायची पद्धत महत्त्वाची. सभेत “कुणी फसलं का?” विचारलं तर एकही हात वर येत नाही. मी विचारलं, “तो केवायसीचा मेसेज तुम्हाला दिसला का? उघडला होता का? पुढे काय विचारलं त्याने?” गप्पा मारल्यासारखं, एकेकटीला. पाच जणींनी लिंक उघडली होती. तिघींनी नुसती उघडून बंद केली. चौथी मावशी. आणि पाचवी एक तरुण ताई, जिने कार्डाची सगळी माहिती भरली होती, पण फोनचा रिचार्ज संपल्यामुळे तिला ओटीपी आलाच नव्हता. ती मला हसत म्हणाली, “माझं तर काही झालंच नाही, मॅडम.” तिचं कार्ड चार दिवस उघडं होतं. रिचार्ज मारला असता, कुणाचा तरी “बँकेतून बोलतोय” असा फोन आला असता आणि तिने ओटीपी वाचून दाखवला असता, तर? तिचं कार्ड आम्ही तिथेच अंगणात बसून बंद केलं. तिची तक्रार आपल्या वहीत कुठेही नव्हती.

ज्यांचे पैसे गेले नाहीत, त्यांनीही मेसेजची खबर देता येते. `sancharsaathi.gov.in` वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे. फसवा मेसेज, व्हॉट्सॲप किंवा फोन आला असेल तर तिथे कळवायचं. पण पैसे गेले असतील तर चक्षू नाही, 1930. या दोन्हींची गल्लत करू नका.

आणि मूळ तक्रार?

मैत्रिणींनो, इतकं सगळं झाल्यावर मी एक गोष्ट विसरतच होते. मावशींचा हप्ता अजून आलाच नव्हता! फसवणुकीच्या धावपळीत खरी तक्रार बाजूला पडली होती. शुक्रवारी आम्ही खऱ्या संकेतस्थळावर बघितलं तर त्यांची केवायसी झालेलीच नव्हती. साहजिकच, त्यांनी ती दुसऱ्याच पानावर भरली होती.

खरा पत्ता आहे `ladakibahin.maharashtra.gov.in`. खोट्या पत्त्यातही योजनेचं नाव होतं, केवायसी शब्द होता. मग ओळखायचं कसं? पत्त्यात सुरुवातीच्या `https://` नंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या अगदी आधीचं वाचा. आपण पोस्टाचा पत्ता वाचताना शेवटचा तालुका-जिल्हा बघतो ना, तसं. तिथे `.gov.in` असेल तर सरकारी. नुसतं `.in` किंवा `.com` असेल तर मागे नाव कितीही सरकारी असो, ते कुणीही विकत घेऊ शकतं. मावशींच्या लिंकच्या शेवटी नुसतं `.in` होतं.

दुसरी खूण म्हणजे काय मागतात. खऱ्या केवायसीत आधार नंबर आणि आधारचा ओटीपी लागतो. एटीएम कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, पिन किंवा एक रुपया खरी केवायसी कधीच मागत नाही.

आम्ही मावशींची केवायसी त्या दिवशी पूर्ण केली. त्यांनी ओटीपी टाकण्याआधी अख्खा मेसेज मोठ्याने वाचला. मला फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी

मी ती ओळ त्या शुक्रवारी बंद केली नाही. “चालू” लिहिलं आणि आठ दिवसांनी परत जायची तारीख टाकली. बरं झालं. सहाव्या दिवशी मावशींना फोन आला, “सायबर पोलिसातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, 500 रुपये शुल्क भरा.” एकदा फसलेल्या माणसाचा नंबर त्यांच्या यादीत असतो आणि पैसे परत मिळवून देतो असं सांगून ते पुन्हा येतात. मावशींना मी हे आधी सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, “माझ्या मॅडमशी बोला,” आणि माझा नंबर सांगायला लागल्यावर समोरून फोन ठेवला गेला. तक्रारीचे पैसे परत द्यायला 1930 किंवा पोलिस शुल्क मागत नाहीत.

मग मावशींचे पैसे मिळाले का? खरं सांगते. दोनपैकी एक 4,999 पुढच्या एका खात्यात सापडले आणि तिथे रोखून धरले आहेत. तीन दिवस उशीर होऊनही फोन करण्याचा उपयोग झाला तो एवढा. ते मावशींना मिळायला प्रक्रिया आहे, वेळ लागेल. त्यासाठी तक्रार क्रमांक, उतारा आणि शिक्क्याची प्रत एका पाकिटात ठेवली आहे. दुसरे 4,999 निघून गेले. रविवारी रात्रीच फोन झाला असता तर कदाचित तेही थांबले असते.

आता आपल्या वहीत मी एक नवीन पान चिकटवलं आहे. सीआरपी ताईंनी आणि समूहाच्या सचिवांनी ते उतरवून घ्यावं. पैशाची, केवायसीची, फॉर्मची कुठलीही तक्रार बंद करण्याआधी हे बघायचं:

1. तुम्ही फॉर्म कुठे भरला? कुणी लिंक पाठवली? काही पैसे कापले का, अगदी 1 रुपया? हे विचारलं का?
2. विचारल्यावर संशय आला तर कार्ड किंवा यूपीआय बंद केलं का? तक्रार क्रमांक आणि वेळ लिहिली का?
3. 1930 आणि `cybercrime.gov.in` चा क्रमांक वहीत आहे का? बँकेच्या अर्जाची शिक्क्याची प्रत आहे का?
4. मेसेजचा आणि लिंकचा फोटो ठेवला का? मगच पुसला का?
5. तोच मेसेज आणखी कुणाला गेला? प्रत्येकीला वेगळं विचारलं का?
6. मूळ तक्रार, म्हणजे हप्ता, सुटली का?
7. आठ दिवसांनी परत विचारलं का?

सातही उत्तरं लिहिल्याशिवाय मी आता ‘निकाली’ लिहीत नाही. त्या नवव्या ओळीसमोर मी आधीचा शेरा खोडला आहे, पण वाचता येईल असा. खाली पाच ओळींचा नवा शेरा आहे, क्रमांक, तारखा आणि वेळेसकट. आणि त्याच्याखाली एक नवी ओळ आहे, त्या रिचार्ज संपलेल्या ताईची. तिचं नवं कार्ड अजून यायचं आहे, म्हणून ती ओळ अजून चालू आहे.

आज घरी गेल्यावर एक करा. आपला फोन काढा, ते साधे मेसेज उघडा आणि गेल्या महिन्यातले बँकेचे मेसेज घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला वाचायला सांगा. न ओळखीची रक्कम दिसली तर रात्र झाली म्हणून थांबू नका. आधी कार्डामागच्या नंबरवर आणि 1930 ला फोन करा, मग मला करा. कितीही वाजलेले असोत, मी उचलेन.